मधला जोड

आमच्या बाबांचा हिशेब चुकला म्हणणाऱ्याला मी त्या दिवसापर्यंत वेड्यात काढलं असतं. इस्पितळाच्या विजेचं सगळं काम त्यांच्या हाती आणि मी त्यांच्या हाताखाली. घरी बाप, कामावर साहेब, म्हणजे बोलणी खायला दिवसभर जागा.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीसाठी बाहेरची वीज बंद राहणार होती. बाकीचं सगळं जनरेटरवर घेतल्यावर जेमतेम आठ किलोवॉट उरत होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची खोली गरम ठेवणारा मोठा हिटर त्यात बसेल का, एवढंच बघायचं होतं. नाही बसला तर बाळं दुसरीकडे हलवायची.

बाबांनी करंट मोजायचा क्लॅम्प मीटर हिटरच्या तिन्ही तारांना लावून पाहिला. तिन्हींत सारखे दहा अँपिअर.

"चारशे व्होल्ट, दहा अँपिअर, म्हणजे चार हजार वॉट," ते म्हणाले. "असे तीन फेज. बारा किलोवॉट झाले. नाही चालणार, सिस्टर."

सिस्टरचा चेहरा पडला. "बाकीची नेऊ हो कशीतरी. पण खिडकीजवळची ती चिमुरडी? तिला इथून हलवलं तर ती वाटेतच जाईल."

"मग मी काय करू? जनरेटरला कळतं का ते?"

मी हिटरच्या जोडणीच्या उघड्या पेटीत पुन्हा पाहिलं. हिटरच्या तीन कॉइली स्टारमध्ये होत्या. प्रत्येकीचं एक टोक एकेका तारेला, उरलेली तिन्ही टोकं मध्ये एकत्र बांधलेली. तारेत जेवढा करंट तेवढाच कॉइलीत, कारण त्याला जायला दुसरी वाटच नाही. पण चारशे व्होल्ट असतात दोन तारांमध्ये. एका कॉइलीच्या वाट्याला येतात त्याला रूट तीनने, म्हणजे तीनच्या वर्गमुळाने, भागून, दोनशे एकतीस. "करंट तोच, व्होल्टेज नव्हे!" हे बाबांनी माझ्याकडून जेवताना, चालताना, अगदी मी तापात पडले होते तेव्हासुद्धा घोकवून घेतलं होतं. आणि आता तेच चारशेला तिनाने गुणत होते!

"बाबा, ही स्टार आहे," मी हळूच म्हटलं.

"मग?"

"कॉइलीवर चारशे नाहीत. सात किलोवॉटसुद्धा होत नाहीत."

"वा! आता बापाला शिकवणार का, ठके?" ते कडाडले. सिस्टर दुसरीकडे बघायला लागल्या.

मीही काही कमी तापट नाही, तोंडाशी आलं होतं बरंच. पण त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. ती मी आजवर कधी पाहिली नव्हती, आणि मला रडूच आलं. मी मीटर व्होल्टेजवर लावून त्यांच्यापुढे धरला. "तुम्हीच मोजा."

त्यांनी हातमोजे चढवले. हात अजून तसेच, कणभरही न हलणारे. दोन तारांमध्ये टोकं टेकवली तर चारशे. मग एक टोक तारेवर आणि दुसरं मधल्या जोडावर. दोनशे एकतीस. दुसऱ्या तारेवर तेच, तिसऱ्यावर तेच.

त्यांनी मीटर खाली ठेवला. मग पुटपुटले, "दोनशे एकतीस गुणिले दहा. त्याचे तीन. सहा हजार नऊशेच्या वर."

"आणि दुसऱ्या बाजूनं?" मी विचारलं. ते मला नेहमी असंच विचारायचे.

"रूट तीन गुणिले चारशे गुणिले दहा. तेवढेच." त्यांनी हातमोजे उतरवले. "नुसता तापणारा लोड, त्यामुळे पॉवर फॅक्टर एक, घट धरायची नाही. येतं गं मला. सगळं येतं. मधूनच निसटतं."

"कधीपासून?"

"तुझ्या आईला सांगू नकोस."

पेटीचं झाकण त्यांनी लावलं नाही. खिशातल्या पॅनेलच्या किल्ल्या काढून माझ्या हातात दिल्या आणि सिस्टरकडे वळले. "हिटर चालेल. त्या पोरीला कुठंही हलवू नका. हिशेब हिनं केलाय, आणि यापुढे हिलाच विचारायचं."

सिस्टर "देव तुमचं भलं करो" म्हणत धावतच आत गेल्या. मी मात्र किल्ल्या मुठीत घट्ट धरून उभी. साहेब होण्याची घाई मला केव्हापासून होती, पण अशी नको होती हो.

मी झाकण लावायला वाकले. बाबाही वाकून आत बघू लागले. तिन्ही टोकं एकत्र आणणारी तांब्याची पट्टी, घट्ट नट, वर नीट गुंडाळलेली टेप.

"मधला जोड कुणी बांधलाय गं हा?" त्यांनी विचारलं.

हिटर बसवला त्या दिवशी शाळेतून मी थेट इथं आले होते. पट्टी मी धरली होती, नट त्यांनी आवळले होते.

"तुम्हीच, बाबा."

ते आणखी जवळ वाकले.

"चांगला बांधलाय," म्हणाले.