अडतीस श्वासांचं शहाणं बाळ

खोकणारी पाच पोरं शोधा, त्यांचे श्वास मोजा, वर्गीकरण करा आणि दोन वाजता केंद्रात हजर व्हा, असं फर्मान सोडून आमच्या मॅडम आरोग्य केंद्रातल्या एकमेव चालू पंख्याखाली बसल्या. मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आणि मॅडम बालआरोग्य शिकवायला. नियम सोपा आहे हो. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतलं बाळ मिनिटाला पन्नास किंवा जास्त श्वास घेत असेल तर श्वास जलद. वर्ष ते पाच वर्षांच्या पोराचे चाळीस किंवा जास्त. मोजायचे पूर्ण साठ सेकंद, आणि पोर शांत असताना. आता पोर शांत कधी असतं, हे हा नियम लिहिणाऱ्याला विचारायला हवं. त्याच्या घरी पोर नसणार, मी पैजेवर सांगते.

पहिल्या घरात आठ महिन्यांची मुलगी. छत्तीस, सदतीस मोजत होते तर तिची आजी म्हणाली, "तुमचं लग्न झालंय का?" झालं, आकडा गेला. पुन्हा सुरुवात. चोपन्न आले. पन्नासच्या वर, म्हणजे न्यूमोनिया. पण दूध पीत होती, माझं पेन ओढत होती, म्हणून गंभीर नाही. आजच केंद्रात नेऊन अमॉक्सिसिलिन घ्या, पाच दिवस तोंडाने, दोन दिवसांनी पुन्हा दाखवा आणि दूध प्यायचं थांबलं तर लगेच या, असं सगळं सांगितलं. आजीनं मान डोलावली आणि लग्नाचं पुन्हा विचारलं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या घरात माझ्या नाकी नऊ आले. पांढरा कोट दिसला की पोरं असा भोंगा लावतात की गल्लीच्या टोकाची कुत्रीसुद्धा साथ देतात. रडणाऱ्या पोराचे श्वास मोजून उपयोग नाही, ते वाढलेलेच असतात. बसा मग वाट बघत. एकानं माझ्या घड्याळाला चावा घेतला. दुसरी शांत झाली तेव्हा तिला आईनं बिस्किट दिलं आणि ती बिस्किटासाठी नाचायला लागली. दोघांना साधा सर्दी-खोकला निघाला, पण त्या दोघांनी मिळून माझे दीड तास खाल्ले.

म्हणून चौथ्या घरात शिरले तेव्हा मला अक्षरशः गहिवरून आलं. चौदा महिन्यांचा पोरगा, गुबगुबीत, घरात सगळे त्याला भोपळ्या म्हणत. आत्याच्या मांडीवर गाढ झोपलेला. आई लॉन्ड्रीत कामाला, ती दुपारी जेवायला येते म्हणे. खोकला चार दिवसांचा.

"उठवू का?" आत्यानं विचारलं.

"अहो, हात लावू नका! देव पावला मला," मी म्हणाले.

सदरा हळूच वर केला, पोटाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. साठ सेकंद, एकही अडथळा नाही. अडतीस! पुस्तकात छापावं असं मोजमाप. चाळीसच्या आत, म्हणजे जलद नाही. फॉर्मवर मी झोकात लिहिलं: न्यूमोनिया नाही.

"गुणी आहे हो तुमचा भोपळ्या," मी म्हणाले.

"खूपच. सकाळपासून झोपलाय. दुधालासुद्धा त्रास दिला नाही आज," आत्या कौतुकानं म्हणाली. "काल रात्रभर मात्र धापा टाकत होता. आता निवांत आहे."

"छान आहे, काळजी नको," मी म्हणाले आणि निघाले. हे वाक्य मी कोणत्या तोंडानं बोलले, हे मला अजून कळलेलं नाही.

पाचव्या घरी काम पटकन उरकलं आणि मी त्यांच्याच पायरीवर फॉर्म पूर्ण करायला बसले. एक आतली गोष्ट सांगते. त्या फॉर्ममध्ये सगळ्यात वर चार चौकोन असतात, धोक्याच्या लक्षणांचे. पिऊ शकत नाही? पोटात गेलेलं सगळं ओकतं? झटके आले? मरगळलंय किंवा शुद्धीवर नाही? हे सगळ्यात आधी बघायचं असतं. आणि आम्ही पोरी ते सगळ्यात शेवटी, एका बैठकीत, 'नाही नाही नाही नाही' असे भरतो. कारण श्वास मोजायला वेळ लागतो आणि 'नाही' लिहायला लागत नाही. मॅडमनी शंभरदा सांगितलंय, पण पालथ्या घड्यावर पाणी.

पहिल्या पोरीचे चार 'नाही' झाले, दुसऱ्याचे झाले, तिसरीचेही झाले. भोपळ्याच्या पहिल्या चौकोनाशी पेन टेकवलं आणि आत्या आठवली. दुधाला त्रास दिला नाही.

अगं म्हशे, दुधाला त्रास दिला नाही म्हणजे दूध प्यायलाच नाही! सकाळपासून झोपलाय. काल धापा टाकत होता आणि आज निवांत. मी त्याचा सदरा वर केला, गार बोटं पोटाला लावली, आणि चौदा महिन्यांचं पोर साधं कुरकुरलंसुद्धा नाही. मी त्याला शांत म्हणाले. झोपलेल्या बाळाचे श्वास आधी मोजा, हे मी बरोब्बर लक्षात ठेवलं. मग त्याला उठवून बघा, हे सोयीस्कर विसरले. मी कागद तिथंच पायरीवर टाकून पळत सुटले.

भोपळ्याची आई येऊन जेवायला बसली होती. निवांत जेवत होती बिचारी. का नाही जेवणार? नर्सबाई बघून गेल्या होत्या ना.

"त्याला उठवा," मी दारातूनच ओरडले.

"आता काय झालं? तुम्हीच म्हणालात ना छान आहे म्हणून!" आत्या म्हणाली.

"चुकलं माझं. उठवा त्याला."

आत्यानं हाका मारल्या. मी कानाशी टाळ्या वाजवल्या, तळपाय चोळला. त्यानं डोळे उघडले, पण ते कुणावरच थांबले नाहीत. आईकडेसुद्धा नाही. पुन्हा मिटले. आईनं हात धुतले न धुतले, त्याला छातीशी घेतलं. त्यानं तोंडात धरलंच नाही. मान एका बाजूला कलली, एवढंच. श्वास आत घेताना त्याच्या फासळ्यांखालचा भाग आत खेचला जात होता. तो मघाशीही जात असणार. मी आकड्यात इतकी गुंग होते की समोरची छाती बघितलीच नव्हती.

मी पुन्हा मोजले. छत्तीस.

"बघा, आणखी कमी झाले! बरा होतोय तो," आत्या म्हणाली.

"नाही हो आत्या. तो दमलाय. जोरात श्वास घ्यायचीही ताकद संपत आलीय. हा आकडा आता बघायचाच नाही. पीत नाही, जागा होत नाही, एवढंच बघायचं. हा गंभीर न्यूमोनिया आहे, आत्ताच्या आत्ता चला."

"मघाशी एक, आता एक. तुमचं काय खरं धरायचं?"

बरोबरच होतं तिचं. चाळीस मिनिटांपूर्वी मीच त्या घरात निर्धास्तपणा पेरून गेले होते आणि आता तो मलाच उपटता येत नव्हता. आई मात्र उठली, पोराला पदरात गुंडाळलं आणि चपला न घालता निघाली.

केंद्रात मॅडमनी त्याला एक नजर बघितलं आणि पंखा सोडला. बोटाला चिमटा लावला तर रक्तातला ऑक्सिजन चौऱ्याऐंशी टक्के, नव्वदच्याही खाली. डॉक्टरांनी लगेच ऑक्सिजनची नळी लावली, रक्तातली साखर तपासली, प्रतिजैविकांच्या इंजेक्शनचा पहिला डोस दिला आणि मोठ्या रुग्णालयासाठी गाडी मागवली. मॅडम माझ्याकडे वळल्या. "किती होते?"

"अडतीस."

"आणि चौकोन?"

"भरले नव्हते, मॅडम."

त्यांनी मला झापलं असतं तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "गाडीत बस. तळपाय चोळत राहा आणि तो बघतो का ते बघ."

मी बसले. गाडीत आई म्हणाली, "मघाशी तुम्ही आलात तेव्हाही हा असाच होता का?"

खोटं बोलायला किती सोपं होतं! नंतर बिघडलं असेल, लहान पोरांचं काय सांगावं, असं सगळे म्हणतात. माझ्या जिभेवर आलंसुद्धा.

"हो, असाच होता. मी नीट बघितलं नाही," मी म्हणाले.

तिनं माझा हात त्याच्या पायावरून बाजूला केला आणि स्वतः तळपाय चोळायला लागली. तो सगळा रस्ता मी तोंड दाबून रडत होते, आणि माझ्याकडे कुणी बघत नव्हतं तेच बरं.

तिसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेले. सांगते तुम्हाला, दारापर्यंत चारदा जाऊन परत फिरले. शेवटी एका बाईनं विचारलं, "कोण हरवलंय तुमचं?" तेव्हा शिरले. भोपळ्याची ऑक्सिजनची नळी त्या सकाळीच काढली होती. तो आईचं दूध पीत होता. चांगला ओढून पीत होता, आवाज येत होता. मला बघून थांबला, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि पुन्हा कामाला लागला. मी भिंतीला टेकून बघत उभी राहिले.

"त्या दिवशी परत का आलात?" आईनं विचारलं.

मला वाटलं सांगावं, मन खात होतं म्हणून. छान दिसलं असतं. पण नव्हतं खात. चांगलं तृप्त होतं मन.

"फॉर्ममध्ये चार चौकोन रिकामे होते. ते भरायला बसले आणि तुमच्या नणंदेचं बोलणं आठवलं."

"आणि आठवलं नसतं तर?"

"तर 'नाही' लिहिलं असतं आणि जेवायला गेले असते."

तिनं मान हलवली. रागावली की काय कळेना. तिचे डोळे सुजलेले होते, केस तीन दिवस न विंचरलेले. मग तिनं पोराला खांद्यावर घेऊन थोपटलं, ढेकर काढली आणि सरळ माझ्या हातात दिलं.

"धरा. मी तोंड धुऊन येते," ती म्हणाली.

ती गेली. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "अगं बाई, उठली का? तीन दिवसांत कुणाच्या हातात दिलं नव्हतं हो तिनं. सख्ख्या नणंदेच्यासुद्धा नाही."