हँडआउटवरचा चौकोन

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. सासरी-माहेरी सगळ्यांना माहीत आहे. तीस वर्षं ब्लाऊज शिवतेय. गिऱ्हाइकांना तोंडावर फटकारलं तरी ती परत यायची, कारण माझ्या मुंढ्यात कधी चुणी पडत नाही. पण यावेळचा राग अजून उतरलेला नाही, आणि तो माझ्या पोटच्या पोरावर आहे.

कोर्सची टूम त्याचीच. "आई, दुकानात बसून तू दिवसाला किती शिवणार? एकदा रेकॉर्ड कर, हजार जणी शिकतील." झालं. मागच्या खोलीत कटिंगच्या टेबलावर कॅमेरा टांगला. मी कापायचं, सुनेनं शूट करायचं, लेकानं विकायचं. किमती त्यानंच लावल्या. नुसते व्हिडिओ चारशे नव्याण्णव, हँडआउटसकट नऊशे नव्याण्णव, आणि शनिवारच्या लाइव्ह डाऊट सेशनसकट एकोणीसशे नव्याण्णव. मी म्हटलं, "सरळ दोन हजार म्हणायला जीभ झडते का?" तर म्हणे, "आई, तुला यातलं नाही कळायचं." बरं बाबा, नाही कळायचं.

हँडआउट सुनेनं बनवलं. माझा कागदी साचा जसाच्या तसा कॉम्प्युटरवर उतरवला, चार पानांत विभागला. बायकांनी ती पानं छापायची, चिकटपट्टीनं जोडायची, कापडावर ठेवून खडू फिरवायचा. छत्तीस छातीचा तयार साचा, मापांची कटकट नाही. जाहिरातीत लेकानं हेच वाक्य मोठ्या अक्षरांत टाकलं होतं. व्हिडिओत मी टक्स कसे घ्यायचे, मुंढ्याचा गोल कसा द्यायचा, सगळं दाखवत होते.

पुढचा भाग झाला, पाठ झाली. बाहीचा धडा तेवढा रेकॉर्ड करायचा होता, आणि त्या आधीच्या शनिवारी ते सेशन आलं.

स्क्रीनवर साठेक चौकटी. त्यातली एक बाई नेहमी निळ्या भिंतीला टेकून बसायची, म्हणून मी तिला निळ्या भिंतीवालीच म्हणायची. तिनं अंगात घातलेला ब्लाऊज दाखवला. हुक छातीवर लागत नव्हते, मुंढा काखेत रुतलेला. कापड रेशमी, चांगलं भारीतलं.

"मॅडम, तुमच्या साच्यानंच कापलं," ती म्हणाली. "माप छत्तीसच आहे. तरी बसत नाहीये."

"माझ्या साच्यानं कापलं तर बसणार नाही असं होणारच नाही," मी म्हटलं. "शिलाई किती धरलीस?"

"तुम्ही सांगितली तेवढीच."

"मग खडूच्या आतून कापलं असशील."

"नाही हो मॅडम, रेघेवरूनच..."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तीस वर्षांचा साचा, आणि ही म्हणते तो चुकीचा! मी म्हटलं, "ज्यांच्या हाताला वळण नाही त्यांनी भारी कापडाला कात्री लावू नये. घरी बसून पायपुसणी शिवा." दोन-तीन चौकटींत बायका हसल्या. तिनं कॅमेरा बंद केला. मी पुढचा डाऊट घेतला, आणि खरं सांगते, तेव्हा मला काही वाटलंसुद्धा नाही.

सोमवारी सून फोन घेऊन आली. "आई, हे बघितलंत का?"

लेकानं माझ्या त्या बोलण्याचा तुकडा कापून जाहिरात केली होती. खाली 'कडक मॅडम, पक्कं शिक्षण!' आणि हसरे चेहरे. माझं तोंड वाकडं, आणि एका कोपऱ्यात ती बाई, तो न बसणारा ब्लाऊज अंगात घातलेली. हजारो लोकांनी बघितलं होतं.

"तिला न विचारता टाकलंस?" मी लेकाला विचारलं.

"अगं चेहरा धूसर केलाय. आणि ॲडमिशन बघ किती वाढल्या!"

धूसर म्हणजे काय, तर नाकावर एक ठिपका. आंधळ्यानंसुद्धा ओळखलं असतं. मी काढायला सांगितलं. तो हो हो म्हणाला आणि काढलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मेसेज यायला लागले. एकीचा मुंढा रुततोय, दुसरीचे हुक लागत नाहीत. सगळ्यांचं दुखणं एकच. मग मात्र मी हिशेब मांडला. एकीचा हात वाईट असेल, दोघींचा असेल, सगळ्यांचे कसे असतील? मी सुनेला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात पिटाळलं, आपलंच हँडआउट छापून आण म्हटलं. पानं जोडली, मापाचा टेप लावला. जिथं नऊ इंच लिहिलं होतं तिथं साडेआठ.

म्हणजे चौथाईला अर्धा इंच. आख्ख्या छातीला दोन इंच! असल्या ब्लाऊजमध्ये बाई श्वास कुठून घेणार?

"दुकानदारानं पानात बसावं म्हणून जरा लहान करून छापलं," सून म्हणाली. "सगळे तसंच छापतात. म्हणून तर मी पहिल्या पानावर दोन इंचाचा चौकोन काढला होता. छापल्यावर आधी तो मोजा, दोन इंच भरला तरच कापा, असं खाली लिहिलं होतं."

"मग कुठाय तो?"

तिनं बोट दाखवलं. पहिल्या पानावर चौकोनाच्या जागी छापलं होतं: 'ॲडव्हान्स कोर्सवर तीस टक्के सूट.'

अंगाचा नुसता तिळपापड झाला. लेक जेवत होता, त्याच्या ताटाशेजारी मी ते पान आपटलं.

"हे तू काढलंस?"

"आई, तो रिकामा चौकोन दिसायला विचित्र दिसत होता. जागा वाया जात होती."

"जागा? अरे, बायकांचं कापड वाया गेलं! माझ्या नावावर! मी त्या बाईला पायपुसणी शिव म्हटलं, आणि तिची रेघ बरोबर होती!"

"नवीन फाइल टाकतो की गुपचूप. आणि लिहू, छापताना सेटिंग तपासा म्हणून. चूक त्यांच्या प्रिंटरची. तू कशाला अंगावर घेतेस?"

चोर तो चोर, वर शिरजोर. मी त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं नाही, एवढाच काय तो माझा संयम.

निळ्या भिंतीवालीचा नंबर सुनेनं काढून दिला. मी फोन केला, म्हटलं, "बाई, चूक आमची होती. तुझा हात चांगला आहे. मला माफ कर."

मग ती म्हणाली, "मॅडम, ते कापड माझ्या मोठ्या जाऊबाईंचं होतं, माप आमचं दोघींचं एकच. पहिल्यांदाच कुणी विश्वासानं दिलं होतं मला. तुम्ही बोललात तेव्हा त्या शेजारीच बसल्या होत्या. आता ती तुमची जाहिरात घरात सगळ्यांच्या फोनवर आहे. माझे दीर येता-जाता पायपुसणी मागतात. मी मशीनवर झाकण घातलंय. आणि माफी तुम्ही फोनवर मागताय, मला एकटीला."

खरंच होतं. ओरडले साठ जणींसमोर, आणि माफी कानात.

लेकाला म्हटलं, बाहीच्या धड्याआधी मी दोन मिनिटं बोलणार. तो म्हणाला, "बोल की." त्याच्या आवाजावरूनच कळलं. नऊ महिने पोटात वाढवलंय, मला नाही कळणार? मी बोलणार, आणि संध्याकाळी हा ती दोन मिनिटं छाटून टाकणार. माझा खोकला छाटतो, शिंक छाटतो, माफी कशाला ठेवेल? आणि धडा तर द्यायलाच हवा होता. बायकांनी पैसे भरलेले, बाहीवाचून अर्धे ब्लाऊज घरोघरी लटकलेले.

रात्रभर चरफडले. सकाळी सुनेला म्हटलं, "कॅमेरा लाव. मी थांब म्हणेपर्यंत बंद करायचा नाही." लेक बाजूला उभा होता, मोबाइलमध्ये डोकं घालून.

मी अस्तराचं कापड चार पदरी घातलं, घडी माझ्याकडे. आणि सुरुवात केली.

"बाहीची उंची मोजा, खाली दुमडीला एक इंच सोडा, आणि मागच्या शनिवारी ज्या बाईला मी बोलले तिची काही चूक नव्हती. वरून तीन इंच खाली खूण करा, कारण चूक आमच्या हँडआउटची होती, माप तपासायचा चौकोन आमच्याच घरातून काढला गेला. आता घडीपासून या खुणेपर्यंत गोल द्या, माझ्यासारखी घाई करू नका, मी न तपासता एका चांगल्या हाताला वाईट म्हटलं." कात्री चालू होती. थांबलेच नाही. "चार पदर एकदम कापा. त्या जाऊबाई ऐकत असतील तर त्यांनी ऐकावं, तुमचं कापड तुमच्या जावेनं नाही, आम्ही बिघडवलं. आता बाही उघडा, पुढची बाजू अर्धा इंच जास्त खोल, आणि ती जाहिरात मी नाही केली, पण तोंड माझं आहे, म्हणून मला त्याची लाज वाटते."

"आई!" लेक ओरडला. तोही आवाज रेकॉर्ड झाला.

त्यानं दुपारभर ते छाटायचा प्रयत्न केला. एक वाक्य काढलं की एक माप जायचं. माफी काढली की बाही अर्धवट. बाहेर येऊन म्हणाला, "आई, परत घेऊ या ना. तेवढं सोडून."

"घे की. कात्री तिथं आहे. तूच काप."

संध्याकाळपर्यंत तो कॉम्प्युटरपुढे बसून राहिला. मेसेजवर मेसेज येत होते, बाही कधी, बाही कधी. शेवटी त्यानं धडा आहे तसा टाकला, जाहिरात उतरवली, आणि दार आपटून बाहेर गेला. सुनेनं चौकोन परत पहिल्या पानावर घातला, आधीपेक्षा मोठ्या अक्षरांत.

शनिवारी मी सेशनला बसले. निळ्या भिंतीवालीची चौकट होती, पण अंधारी. कॅमेरा बंद. मी इतरांचे डाऊट घेत राहिले. शेवटी तिचा हात वर आला.

"मॅडम, डाऊट नाहीये. एक राहिलंय तुमचं."

"काय?"

"बाहीची पुढची बाजू खोल केलीत, पण तिथं खाच द्यायची राहिली. खाच नसली तर जोडताना पुढची कुठली, मागची कुठली कळत नाही. निम्म्या बायका उलट जोडतील."

बाई गं! खरंच विसरले होते. बोलण्याच्या नादात. साठ जणी माझ्याकडे बघत होत्या. कान तापले, तिखट उत्तर अगदी दातांपर्यंत आलं. मी ते गिळलं.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "चूक माझी. सगळ्याजणी बाह्या हातात घ्या. पुढच्या बाजूला, मधोमध, पाव इंचाची खाच द्या. आत्ता, माझ्यासमोर."

साठ चौकटींत कात्र्या शोधायची धावपळ उडाली. निळ्या भिंतीवालीनं कॅमेरा उघडला. मांडीवर हिरवं कापड होतं, आणि तिच्या खांद्यावरून एक वयानं मोठी बाई वाकून बघत होती.

"तू पण दे गं," मी म्हटलं.

"मी आधीच दिलीये मॅडम," ती म्हणाली. "हे पण जाऊबाईंचंच आहे."