मास्तरांची उलटतपासणी

मास्तरांना कॉपीचा वास यायचा. अख्ख्या शाळेत तशी ख्याती होती. दोन पोरांचं बरोबर उत्तर सारखं आलं तर ते मान डोलवायचे, पण दोघांची चूक सारखी निघाली की चष्मा कपाळावर जायचा. "बरोबर उत्तर सगळ्यांचं असतं," ते म्हणायचे, "चूक मात्र ज्याची त्याची." मग पोरं कितीही शपथा घेवोत, दोघांच्या पेपरवर भलंमोठं शून्य. एका वर्षी त्यांनी स्वतःच्या मेहुण्याच्या पोरालाही सोडलं नव्हतं. पुढे कितीतरी दिवस काकूंना माहेरी तोंड दाखवायची चोरी झाली होती.

काकू म्हणजे मास्तरांची बायको. गल्लीतली सगळी त्यांना काकूच म्हणायची.

असा हा माणूस एका सकाळी दाढी करता करता बेसिनपाशी कोसळला. मेंदूत गुठळी झाली होती. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समोरच्याचं बोलणं सगळं कळायचं, स्वतःचं मात्र फुटायचं नाही. हळूहळू थोडे शब्द परतले, पण तेही कसे, तर एकेकटे, आणि सगळे वर्तमानातले. "भाऊ... येतो," असं ते एकदा म्हणाले आणि भेटायला आलेल्या वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. भाऊ जाऊन जमाना झाला होता. मास्तरांना म्हणायचं होतं, भाऊ नेहमी यायचा. ते काकूंना कळलं, वहिनींना कुठून कळणार? झालेलं, होऊन गेलेलं काही सांगायचं म्हटलं की त्यांची जीभ अडायची. ज्या माणसाने मराठीच्या तासाला आयुष्यभर पोरांकडून वाक्यांचे काळ बदलून घेतले, त्याच्यावरच ही पाळी आली. देवाला काही सुचलं नसेल तेव्हा त्याने हे केलं असावं.

तरी मास्तरांचा एक हट्ट होता, शिकवणी. निवृत्तीनंतर ते आणि गणिताचे सर मिळून एका खोलीत शिकवणीचा वर्ग चालवत. गणिताचे सर भला माणूस. ते म्हणाले होते, "नव्या सत्रापर्यंत तुमची जागा कोणाला देत नाही. मात्र बोलणं सुधारल्याची तुमच्या स्पीच थेरपिस्टबाईंची चिठ्ठी आणा. पालक विचारतात हो, मी काय सांगू?" त्या दिवसापासून मास्तर सकाळी उठले की डाव्या हाताने खडू धरायचा सराव करायचे. वर्ग गेला तर हा माणूस खचेल, हे काकूंना स्वच्छ दिसत होतं.

थेरपिस्टबाई तरुण होत्या, गोड बोलायच्या, पण परीक्षेत दयामाया नव्हती. दर वेळी एक छोटा उतारा द्यायच्या आणि तो भूतकाळात करायला सांगायच्या. किती फरक पडला ते कळावं म्हणून उतारा तोच ठेवायच्या. मागच्या खेपेला, पहिल्याच परीक्षेत, मास्तर पहिल्याच वाक्याला अडले. "आज रविवार... आहे... आहे..." आणि पुढचं न वाचताच कागदावर मूठ आपटून उठले.

त्या गडबडीत काकूंनी मोबाइलवर उताऱ्याचा फोटो काढला.

घरी येऊन त्यांनी शिलाई मशीन बाजूला सारलं आणि पेन्सिल घेतली. उतारा असा होता: "आज रविवार आहे. आजोबा आत्ता बागेत बसले आहेत. ते वर्तमानपत्र वाचत आहेत. नात त्यांना चहा आणून देते. ते रोज फिरायला जातात, पण आज त्यांचा पाय दुखतो आहे. उद्या ते डॉक्टरांकडे जाणार आहेत." काकूंनी एकेक शब्द उसवला आणि नव्याने टाचला. 'आज'चं 'त्या दिवशी' केलं, 'आत्ता'चं 'तेव्हा'. 'देते'पाशी घोटाळल्या, कारण नुसतं क्रियापद बदलून भागेना. शेवटी 'नातीने चहा आणून दिला' असं जमलं, तेव्हा स्वतःवरच खूश झाल्या. 'जातात'चं 'जात' केलं, 'दुखतो आहे'चं 'दुखत होता'. कुकरची शिट्टी झाली म्हणून शेवटचं वाक्य घाईत उरकलं आणि कागद डब्याखाली सरकवला.

"पुस्तकातला सराव आहे," असं त्यांनी मास्तरांना सांगितलं. खोटं बोलताना मान वर झाली नाही. मग रोज जेवणानंतर त्या वाचायच्या आणि मास्तर मागून म्हणायचे. कागद त्यांच्या हाती कधी दिला नाही. पाठ केलेलं त्यांच्या जिभेवर बसायचं, श्लोक आणि पाढे बसायचे तसं. हळूहळू सगळा उतारा न अडखळता यायला लागला. मास्तर खुलले. काकूंना मात्र घास गोड लागेना. नवऱ्याचा आजार बरा होतोय की आपण त्यावर नुसतं ठिगळ लावतोय, हे त्यांचं त्यांनाच कळेना.

परीक्षेच्या दिवशी गणिताचे सरही बाहेर बाकावर येऊन बसले. आत थेरपिस्टबाईंनी कागद पुढे केला. मास्तरांनी वाचला. मग सावकाश काकूंकडे पाहिलं. काकूंनी पर्सची चेन उघडली, बंद केली, पुन्हा उघडली.

"आज बोलायचं नाही, लिहायचं," बाई म्हणाल्या. "डाव्या हाताने, वेळ लागू दे."

मास्तर लिहू लागले. अक्षर वेडंवाकडं होतं, पण 'त्या दिवशी रविवार होता' उतरलं. 'बसले होते', 'वाचत होते' आलं. 'नातीने चहा आणून दिला' वाचून बाईंच्या भुवया वर गेल्या. "वा मास्तर! हे मोठमोठ्यांना जमत नाही." काकूंचा जीव भांड्यात पडला. चिठ्ठी मिळालीच म्हणायची.

शेवटचं वाक्य लिहून मास्तरांनी लेखणी खाली ठेवली आणि सवयीप्रमाणे कागद वरपासून पुन्हा तपासू लागले. ओळीवरून बोट फिरलं आणि शेवटी थबकलं. 'उद्या ते डॉक्टरांकडे जाणार होते.' कानाला जे खटकलं नव्हतं ते डोळ्याला खटकलं. त्यांनी लेखणी उचलली, 'उद्या'भोवती गोल काढला आणि वर लिहिलं, 'दुसऱ्या दिवशी'.

"अगदी बरोबर!" बाई म्हणाल्या. "चूक स्वतः शोधलीत!"

मास्तर हसले नाहीत. ते त्या गोलाकडे बघत राहिले. ही चूक त्यांची नव्हतीच. जन्मात कधी केली नव्हती. पुस्तकात तर अशी चूक छापून येत नाही. मग कोणाची? चष्मा कपाळावर गेला. त्यांनी काकूंकडे पाहिलं, आणि काकूंना एकदम परीक्षेच्या बाकावर बसल्यासारखं वाटलं.

मास्तरांचे ओठ हलले. गळ्याच्या शिरा फुगल्या. बाई मदतीला पुढे झाल्या, त्यांना त्यांनी हातानेच थांबवलं.

"तू... कॉपी... केलीस."

बाईंनी काय ते ओळखलं. त्या खोलीत मास्तरांनी घडून गेलेली एक गोष्ट, कोणी न पढवता, पहिल्यांदाच सांगितली होती.

मास्तरांनी कागद ओढला आणि वर भलंमोठं शून्य काढलं. चिठ्ठीचा विषयच उरला नाही. दाराबाहेर गणिताचे सर खाकरले. नव्या सत्रात त्या फळ्यासमोर दुसरं कोणीतरी उभं राहणार, हे मास्तरांना शून्य काढतानाच ठाऊक होतं. डाव्या हाताने काढलेलं, पण शून्य गोल आलं होतं.

किती दिवस काकू त्यांच्या एका धड वाक्यासाठी झुरल्या होत्या. रात्री उशाशी बसून मनात म्हणायच्या, काहीही बोला, शिव्या द्या, पण पुरं बोला. आज ते आलं होतं, आणि त्यांच्यावरच आलं होतं. त्यांना रडू फुटलं. हसूही येत होतं, पण ते दाबलं.

"हो," त्या म्हणाल्या. "केली."