ज्या रबरानं मला नकली ठरवलं

अध्यक्षसाहेब, तुम्ही खोटं बोललात. हजार माणसांसमोर, आठवडी बाजाराच्या दिवशी, व्यापारी संघाच्या माईकवरून बोललात. "मेघाबाईच्या दुकानातले इअरबड्स नकली आहेत, गिऱ्हाइकांनी सावध राहावं." हे तुमचेच शब्द. हिंगणघाटच्या बसस्टँडपासून भाजीबाजारापर्यंत ते ऐकू गेले. त्या दिवसापासून माझ्या काउंटरसमोर माणूस थांबत नाही. आणि थांबलाच तर विचारतो, "ताई, हे ओरिजिनल आहे ना?"

तुम्ही तपासणी कशी केलीत ते तुम्हाला आठवत नसेल. मला आठवतं, कारण मी समोर उभी होते. तुम्ही बसायला सांगितलं नव्हतं.

माझ्या दुकानासमोर धनंजयचं काचेचं मोठं दुकान आहे. आम्ही दोघंही नागपूरच्या एकाच होलसेलवाल्याकडून एकाच कंपनीचा माल उचलतो. तरी तक्रार त्यानं केली. माझ्याकडून एकाला जोडी घ्यायला लावली आणि त्या जोडीशेजारी स्वतःच्या दुकानातली तशीच जोडी तुमच्या टेबलावर ठेवली. तुम्ही आधी त्याची कानात घातली, गाणं लावलं. ढोलकी वाजायला लागली तशी तुमची मान डोलली. मग माझी घातली. गाणं तेच, फोन तोच. तुमचं तोंड आंबट झालं.

"याच्यात तर नुसती चिरचिर आहे. बेस कुठं गेला?"

"साहेब, म्हणूनच तर आलो," धनंजय म्हणाला. "नकली माल असाच वाजते."

माझा बड तुमच्या कानातून दोनदा निसटला. दोन्ही वेळा तुम्ही बोटानं आत सारलात. का निसटतो आहे, हे विचारायचं तुम्हाला सुचलं नाही. तुम्ही एवढंच म्हणालात, "यांच्या मालाचा काय भरोसा!" हे 'यांच्या' म्हणजे कोणाच्या, ते मला कळलं. खोलीतल्या सगळ्यांना कळलं; माझ्या दुकानाच्या पाटीवर आमचं आडनाव आहे, त्यावरून जात कळते.

ती जोडी मी डबीसकट घरी आणली. माझी नणंद पौर्णिमा माझ्याबरोबर दुकानात बसते. तिनं जोडी हातात घेतली आणि लगेच म्हणाली, "वहिनी, याले हे बारके रबर कोनं लावले?"

डबीतून बड निघतो तेव्हा त्याच्या तोंडावर मधल्या मापाचं सिलिकॉनचं रबर असतं. मोठं आणि बारीक अशी आणखी दोन मापं पुडीत वेगळी येतात. या जोडीवर बारीक होती आणि पुडीत मधली. कोणीतरी बसून बदलली होती. धनंजयच्या जोडीवर मोठी असणार, हे मग सांगायला ज्योतिषी नको. तुमच्या कानाचं भोक रुंद आहे, साहेब. त्यात बारीक रबर म्हणजे भल्या मोठ्या बाटलीला चिमुकलं बूच.

जाड आवाजाला, म्हणजे बेसला, कानात दाब लागतो. रबर कानाच्या भोकाला चहूबाजूंनी चिकटलं की तो दाब आतच राहतो आणि ढोलकी छातीत वाजते. बाजूनं फट राहिली की दाब तिथून निसटतो, पंक्चर ट्यूबमधून हवा जाते तसा. मग उरते ती झांज, टाळी, गाणाऱ्याच्या तोंडातली स-स. बड चांगला असो की वाईट, फट असली की असंच होणार.

हे सांगायला मी तुमच्याकडे आले होते. वेगवेगळ्या मापाची रबरं घेऊन आले होते. म्हटलं, "साहेब, एक मिनिट फक्त. हे मोठं लावून ऐका." तुम्ही हसलात. "रबरानं कुठं आवाज बदलते काय वो बाई? जा, दुकान सांभाळा." तुम्ही हात पुढं केला असता तर गोष्ट तिथंच संपली असती. तुम्हाला ती संपवायची नव्हती. मग मीही ठरवलं, आता संपवायची नाही.

धनंजयनं नवीन काउंटर काढलं. लाल रिबीन, फुगे, पेढे, आणि उद्घाटनाला तुम्ही. काचेवर ऐकून पाहायची जोडी उघडी ठेवलेली, कोणीही उचलावी, कानात घालावी. तुम्ही यायच्या आधी पौर्णिमानं धनंजयला मोबाईलची कव्हरं दाखवायला लावली. एक काढ, दुसरं काढ, हे नको, ते गुलाबी दाखव. "ताई, घेता का नुसतं पाहून राह्यल्या?" तो वैतागला. तेवढ्यात मी जोडीवरची रबरं ओढून काढली आणि बारीक चढवली. हो, मीच. लपवायचं काही नाही. त्यानं माझ्या मालाचं जे केलं, ते मी त्याच्या मालाचं केलं. बरं वाटलं, फार दिवसांनी.

तुम्ही आलात. रिबीन कापली. धनंजयनं फोनवर गाणं लावलं आणि जोडी तुमच्या हातात दिली. मी गर्दीत तुमच्यापासून हातभर अंतरावर होते. ढोलकी सुरू झाली असणार, पण तुमची मान हलली नाही. कपाळावर आठी आली. बड निसटला, तुम्ही धरलात.

मी विचारलं, मोठ्यानं विचारलं, "साहेब, कसा आहे आवाज?"

"अं... जरा पातळ वाटते."

"बेस?"

तुम्ही धनंजयकडं पाहिलंत. त्याला घाम फुटला. आणि साहेब, त्यानंतर तो जे बोलला ते माझ्या वकिलालाही बोलता आलं नसतं.

"साहेब, दाबून धरा, दाबून! रबर बारीक लागलं असंल, फट राहून राह्यली!"

मग मागून कोणीतरी म्हणालं, "आँ? मंग मेघाताईच्या जोडीले काऊन नाई सांगितलं दाबून धरा म्हनून?" दोघंतिघं हसले. पौर्णिमा म्हणाली, "तवा भाऊच्या जिभेले मेंदी लागली होती." मग सगळे हसले. धनंजय पेढ्याचा खोका उघडायला लागला. तो उघडाच होता.

आणि तुम्ही दाबलंत, साहेब. दोन्ही बोटांनी दाबलंत. मी तुमच्या चेहऱ्याकडंच पाहत होते. ढोलकी आली. तुमची मान एकदा डोलली, आपोआप. बोट सोडलंत, आणि ढोलकी गेली. पुन्हा दाबलंत, पुन्हा आली. तोच बड, तेच गाणं, तुमचाच कान. तुम्हाला कळलं. तुम्हाला त्या क्षणी सगळं कळलं, हे मी कुठंही शपथेवर सांगीन.

आणि तुम्ही काय म्हणालात? "सेटिंगचा काहीतरी घोळ दिसते. होते असं." पेढा उचललात आणि गाडीत बसलात.

धनंजयच्या काउंटरवर आता लोक येतात आणि आधी विचारतात, "रबर कोनतं लावलं, भाऊ?" त्याला रोज ऐकावं लागतं. ऐकू द्या. मला त्याची कीव येत नाही. तो चोर आहे, त्यानं चोराचं काम केलं. माझं भांडण त्याच्याशी संपलं.

तुमच्याशी नाही. माझ्या दुकानावरचा 'नकली' हा शब्द तुम्ही लावलेला आहे आणि तो तुमच्याशिवाय कोणी काढू शकत नाही. मी संघात अर्ज नेला, तुम्ही मीटिंगमध्ये होतात. फोन केला, उचलला नाही. म्हणून हे पेपरात छापून देते आहे, आता वाचलं नाही म्हणायची सोय नाही.

पातळ आवाज माझ्या जोडीत आला तेव्हा तुम्ही त्याला नकली माल म्हणालात. तस्साच पातळ आवाज धनंजयच्या जोडीत आला तेव्हा तो सेटिंगचा घोळ झाला. दोन्ही वेळा कान तुमचा होता आणि फट तीच होती. मग वेगळं काय होतं, साहेब? दुकानावरचं आडनाव? नाव घेऊन, चारचौघांत सांगा. काय वेगळं होतं?