एक्केचाळिसाव्या पानापासूनची टिंबं

संपादकबाईंनी कच्ची प्रत तिसऱ्यांदा चाळली आणि कपाळाला हात लावला. चाळिसाव्या पानापर्यंत सगळं कसं चोख होतं, आणि एक्केचाळिसाव्या पानापासून नुसता सावळागोंधळ. आता सांगायचं तरी कुणाला? लिहिणारे साक्षात त्यांचे सर!

पुस्तक तसं छोटंसंच. अरबी बोलणाऱ्या देशांतल्या इस्पितळांत नोकरीला निघालेल्या परिचारिकांसाठी. डावीकडे मराठी वाक्य आणि उजवीकडे तेच अरबीत, पण देवनागरी अक्षरांत, कारण दीड महिन्यात विमानात बसायचं असताना नवी लिपी शिकायला वेळ कुणाला? मग अरबीतले जे आवाज मराठीत नाहीतच, ते दाखवायचे कसे? सरांनी त्यासाठी एक तक्ता केला होता. जिभेचं टोक दातांत धरून म्हणायचा तो ‘थ़’, टिंबासकट. जीभ मागे ओढून भरदार म्हणायचा तो ‘स़’. घशाच्या तळातून येणाऱ्या ‘ऐन’ या अरबी अक्षराला छोटा उलटा स्वल्पविराम, कारण ते व्यंजन आहे, त्याच्यावर कुठलाही स्वर बसतो. एका आवाजाला एकच खूण आणि एका खुणेला एकच आवाज, हा सरांचा हट्ट. अरबीच्या वर्गात ते इतकं घशातून बोलून दाखवायचे की पोरं त्यांना ‘घसेसर’ म्हणायची. बाईही त्या पोरांतल्याच.

पण एक्केचाळिसाव्या पानापासून ‘तीन’ला कुठे ‘थ़लाथ़ा’, कुठे ‘सलासा’. ‘सकाळ’ एकदा टिंबांसह ‘स़बाह़’, दोन ओळींखाली साधं ‘सबाह’. मधल्या काळात काय झालं होतं, ते बाईंना ठाऊक होतं. सरांचं स्वरयंत्र काढावं लागलं होतं. आता गळ्याला भोक, त्यात नळी, आणि बोलायला मांडीवर पाटी.

प्रकाशनाचे मालक माणूस म्हणून लाखात एक, पण जीभ तिखट.

“बाई, पानाला मुंग्या लागल्यासारखं दिसतंय हे. एक तर टिंबं सगळीकडे द्या, नाहीतर साफ काढून टाका. मी म्हणतो, काढाच. वाचणाऱ्याला काय कळतंय त्यातलं?”

“काढली की परत घालता येत नाहीत हो! दोन आवाज एका अक्षरात मिसळले, की कुठला ‘ह’ कुठला होता ते पुस्तकावरून कुणालाच सांगता येणार नाही.”

“मग दाखवा सिद्ध करून. सोमवारी छपाई.”

बाई तरातरा सरांच्या घरी गेल्या. तिथे सिस्टर सरांच्या गळ्याची नळी साफ करत होती. रोज सकाळी यायची. गोल चेहऱ्याची, बडबडी, आणि पुढच्या महिन्यात तीही नोकरीसाठी अशाच एका अरबी देशात निघालेली. बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरबीचा गंध नसलेली वाचणारी समोरच उभी होती!

परीक्षा अगदी सरळ. तक्ता नीट समजून घेऊन सिस्टरने देवनागरीतले शब्द मोठ्याने वाचायचे. सरांनी तिच्याकडे पाठ फिरवून बसायचं आणि जे कानावर पडेल तेच अरबी लिपीत लिहायचं. मूळ शब्द जसाच्या तसा परत आला, तर टिंबं कामाची.

“मला हसाल हं तुम्ही,” सिस्टर म्हणाली, आणि तक्ता घेऊन बसली. घशातल्या ‘ह़’पाशी अडली. पुढे लिहिलं होतं, ‘चष्म्याच्या काचेवर वाफ टाकतो तसा श्वास.’

“हे कसं हो सर? करून दाखवा ना.”

सरांनी चष्मा काढला, सवयीने तोंडासमोर धरला, तोंड उघडलं. काच कोरडीच राहिली. त्यांचा श्वास आता तोंडातून येत नव्हता, गळ्यातल्या नळीतून येत होता. बाई उगाचच पेन्सिलीला टोक करत बसल्या. आपण बोलताना चुकलो हे सिस्टरच्या मात्र क्षणात ध्यानात आलं. तिने चष्मा हातात घेतला, दोन्ही काचांवर वाफ टाकली, पदरासारखा ॲप्रनचा कोपरा धरून पुसला आणि सरांच्या नाकावर नीट बसवला. “आलं की मला! ह़... ह़...” सरांनी मान डोलावली.

पहिल्या भागातले, म्हणजे चाळिसाव्या पानापर्यंतचे वीस शब्द वाचले. अठरा बरोब्बर परत आले. ‘दुखणं’ म्हणजे ‘वज‘’, त्यातलं शेवटचं ऐनसुद्धा! बाईंनी चक्क टाळी वाजवली. मग दुसरा भाग. वीसपैकी नऊ. ‘सबाह’ तिने साधं वाचलं, आणि सरांनी कानाशी इमान राखून साधंच लिहिलं. अरबीत असा शब्दच नाही.

सरांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या त्या अकरा चुका एकेक करून तपासल्या. मग पाटी ओढली.

‘पोरीचं काही चुकलं नाही. माझं चुकलं.’

“सर, थकवा होता तुम्हाला...”

त्यांनी हात हलवला आणि लिहिलं, ‘थकवा नव्हे. मलाच बोलता येत नाही, तर टिंब कुणासाठी देऊ, असं वाटलं. मन उडालं होतं.’

बोलली ती सिस्टरच. “कुणासाठी म्हणजे? माझ्यासाठी द्या ना! तिथे पेशंट काही सांगत असेल आणि मी भलतंच बोलले तर? चला, लाल पेन घ्या. माझी ड्युटी दुपारी आहे.”

मग तीन सकाळी तेच चाललं. सर तक्ता समोर ठेवून एकेक टिंब बसवत होते, सिस्टर वाचत होती. जीभ चुकली की सर पाटीवर टकटक करायचे, बरोबर आली की बोट वर. “काय कडक मास्तर आहे हो हा!” ती बाईंकडे तक्रार करायची, आणि सरांचे खांदे हसण्याने हलायचे.

शनिवारी मालक स्वतः आले. फसवाफसवी नको म्हणून दुसऱ्या भागातले वीस शब्द त्यांनीच बोट ठेवून निवडले. एकोणीस परत आले. मालकांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून ताडून पाहिले, अरबी वाचता येत नसताना आकार जुळवून पाहिले. शेवटी म्हणाले, “राहू देत मुंग्या. सोमवारी छापायला टाकतो.”

ते गेल्यावर सिस्टर पिशवी उचलायला लागली. सरांनी तिला हाताने थांबवलं. पाटी पुसली आणि देवनागरीत, सगळ्या खुणांसह, सावकाश एक ओळ लिहिली. पुस्तकात नव्हती ती. मराठी अर्थही दिला नव्हता.

सिस्टरने ओळ आधी मनात लावली. मग घसा खाकरून वाचली, “स़ौती ‘इंदकि.”

‘स़’ भरदार आला. ऐन तर असं तळातून आलं की बाईंना शाळेतला बाक आठवला. सरांनी डोळे मिटून घेतले होते.

“बरोबर म्हटलं ना?” सिस्टरने विचारलं. “अर्थ काय याचा?”

अर्थ बाईंनी सांगितला. “माझा आवाज तुझ्यापाशी आहे.”

सिस्टरने पिशवी खाली ठेवली, सरांच्या खुर्चीजवळ बसली आणि तीच ओळ पुन्हा, अजून थोडी मोठ्याने वाचली.