कालव्यापलीकडचे चाळीस

कितीही लांब, कितीही कमी सामान, घरपोच फुकट! दुकानदाराची ही ऐट जुनी होती. एका काडेपेटीसाठीसुद्धा मुलगा बिचारा स्कूटर काढायचा. शेवटी पेट्रोल नफ्यावर उठलं, तेव्हा सून स्पष्टच म्हणाली, "बाबा, एक तर दर लावू, नाहीतर घरपोच बंद करू."

पाटीही तिनेच रंगवली. एक किलोमीटरपर्यंत तीनशे किंवा जास्तीचं सामान घरपोच फुकट, त्याखाली वीस रुपये. एक ते तीन किलोमीटरला आठशेपासून फुकट, त्याखाली चाळीस. त्यापुढे जाणार नाही. अंतर रस्त्याने धरायचं, स्कूटर जाते तसं. एक बिल, एक दार, एक फेरी. पाटी बघून दुकानदाराची छाती फुगली. सून असावी तर अशी!

पहिल्याच आठवड्यात ताईचा फोन आला. ही त्याची थोरली बहीण, कालव्यापलीकडच्या इमारतीत राहणारी. तिच्यापुढे त्याची आजवर कधी ब्र काढायची हिंमत झाली नव्हती.

"माझ्याकडून चाळीस घेतलेस? अरे, गॅलरीतून तुझं दुकान दिसतं मला!"

"ताई, मधे कालवा आहे. पुलावरून वळसा घालून दीड किलोमीटर होतं."

"मग स्कूटर पोहत येत नाही, ही माझी चूक?"

सून साखर तोलत होती. तिचा हात थांबला. ताईला सोडलं की पलीकडचं प्रत्येक घर सूट मागणार, आणि घरपोच पुन्हा बुडणार, हे दुकानदाराला कळत होतं. पण जिने बोट धरून चालायला शिकवलं, तिला नाही म्हणायचं त्याच्या जिवावर आलं.

"चाळीसच, ताई."

पलीकडून फोन आपटला गेला. मग ताईने असा अबोला धरला की दुकानदाराला जेवण गोड लागेना.

एके सकाळी पुन्हा तोच आवाज. "लिहून घे." तांदूळ, डाळ, साबण, तेल... यादी संपेचना.

"एवढं एकटीला?"

"एकटीला कशाला? मजल्यावरच्या पाच घरांचं आहे. बिल एक, दार माझं. वाटायचं मी बघते. तेराशेच्या वर जातंय. आता फुकट ना?"

आपल्याला गंडवलं की काय? दुकानदाराने सुनेकडे पाहिलं. ती खुदकन हसली. "फुकटच, बाबा. पाच फेऱ्यांची एक झाली. पाटी त्यासाठीच तर लावली."

"फुकट, ताई."

"सगळ्यांना सांगितलंय मी. सख्ख्या बहिणीसाठीही दर मोडला नाही, तो वजनात काय मारणार!" मग तिचा आवाज मऊ झाला. "सुनेला म्हणावं, दर चोख आहेत. आणि तू... जन्मात पहिल्यांदा मला नाही म्हणालास. मोठा झालास रे."

साठी उलटलेल्या दुकानदाराने मुलाच्या हातून स्कूटरची किल्ली घेतली. त्या दिवशीचं सामान तो स्वतःच घेऊन निघाला, पुलावरून, पुरतं दीड किलोमीटर.