प्रस्तावातलं तिसरं कलम

त्रिशला चौगुले पुण्यातल्या जाहिरात कंपनीतली नोकरी सोडून सांगलीला आली आणि घरूनच कामं घ्यायला लागली. एक बेकरी, एक कोचिंग क्लास, एक चष्म्याचं दुकान एवढी तिची गिऱ्हाईकं. पलूसच्या एका फिजिओथेरपी क्लिनिकचं नाव तिला चष्मेवाल्यानं सुचवलं. "पोरगा हुशार हाय, पण खुर्च्या रिकाम्या असतात," तो म्हणाला.

क्लिनिक यशराज मोहिते याचं. बसस्टँडजवळ, दवाखान्यांच्याच ओळीत. प्रस्ताव लिहिण्याआधी त्रिशलानं तिची नेहमीची पद्धत वापरली. ती पेशंट होऊन क्लिनिकला फोन करायची.

पहिल्या वेळी एका जाड आवाजानं विचारलं, "कुठनं बोलताय?"

"सांगलीहून."

"मग सांगलीत डॉक्टर न्हाईत व्हय?" आणि फोन बंद.

दोन दिवसांनी तिनं पाठदुखीचं कारण सांगितलं, तर तोच आवाज म्हणाला, "दिवसभर वाकून मोबाईल बघत असशील. आधी ते बंद कर, मग ये."

त्यात तथ्य होतं, पण त्रिशलाला ते आवडलं नाही.

तिनं प्रस्ताव लिहिला. क्लिनिकपासून पंधरा किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांनाच मोबाईलवर जाहिरात दिसेल. दर आठवड्याला एक छोटा व्हिडिओ, मान किंवा गुडघ्याच्या व्यायामाचा. गूगलवरची माहिती, फोटो, वेळा दुरुस्त करायच्या. 'शंभर टक्के गुण येणार' असला दावा किंवा 'आधी-नंतर'चे फोटो ती टाकणार नाही. तिची फी महिना नऊ हजार. जाहिरातीचे पैसे वेगळे, ते क्लिनिकच्या कार्डावरून थेट जाहिरात दाखवणाऱ्या कंपनीला जातील, तिच्या हातात येणार नाहीत. करार तीन महिन्यांचा, दर महिन्याला अहवाल. आणि तिसऱ्या कलमात, फार विचार करून, तिनं लिहिलं: 'फोनवर बोलणारी व्यक्ती बदलल्याशिवाय जाहिरातीवर एक रुपयाही घालू नये. आत्ताच्या बोलण्यानं आलेला पेशंट परत जातो.'

प्रस्ताव तिनं क्लिनिकच्या बोर्डावरच्या व्हॉट्सअॅप नंबरवर पाठवला. तो मोबाईल कुणाच्या हातात असतो, हे तिला ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिला बोलावणं आलं. ती पलूसला पोहोचली तेव्हा काउंटरमागे पांढऱ्या मिशांचे, ताठ बसलेले एक गृहस्थ होते. समोर तिचाच प्रस्ताव छापून ठेवला होता, पेनानं अधोरेखित केलेला.

"मी लालासाहेब मोहिते. सुभेदार, रिटायर. यशराज माझा पोरगा. बसा." फोनवरचा तो जाड आवाज त्रिशलानं लगेच ओळखला.

यशराज आतून हात पुसत आला. तो चांगलाच ओशाळला होता. "मॅडम, तिसरं कलम आपण काढून टाकू. आबा काउंटरला मदत करतात, आपुलकीनं करतात. तुम्हाला गैरसमज..."

"गैरसमज कसला?" लालासाहेबांनी कागदावर बोट ठेवलं. "सांगलीहून फोन आलेला मला आठवतोय. पाठदुखीवाली पण तूच का?"

"हो," त्रिशला म्हणाली.

"मग रिपोर्ट खरा हाय." ते मुलाकडे वळले. "यश, फौजेत खरा रिपोर्ट लिहिणाऱ्याला आमी मान द्यायचो. तू मला दोन वर्षं एक शब्द बोलला न्हाईस. ही पोरगी मला न बघता बोलली. उद्यापासनं मी बसत न्हाई. दुसरं माणूस बघ."

यशराज वडिलांना थांबवत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटकाही दिसत होती. करारावर सही झाली.

काउंटरवर राजनंदिनी आली. बी.कॉम. झालेली, गोड आवाजाची, कुणालाही नाही न म्हणणारी. जाहिरात सुरू झाली आणि फोन वाजायला लागले. किर्लोस्करवाडी, कुंडल, भिलवडीकडून लोक यायला लागले. पहिल्या महिन्याचा अहवाल त्रिशलानं मोठ्या हौसेनं पाठवला. यशराजनं उत्तरात हात जोडलेले तीन इमोजी पाठवले आणि लगेच विचारलं, "जाहिरातीचे पैसे वाढवू का?"

दुसऱ्या महिन्यात तिनं अहवालासाठी राजनंदिनीकडून अपॉइंटमेंटची नोंद मागवली आणि ती बुचकळ्यात पडली. नवे पेशंट वाढले होते, पण क्लिनिकचं उत्पन्न होतं तिथंच होतं. दहा वेळा यायला सांगितलेले लोक दोनतीनदा येऊन गायब होत होते. जाहिरातीचा दोष म्हणावा तर जुने पेशंटही तसेच करत होते.

ती पलूसला आली. बाहेरच्या बाकावर नाथाजी बसला होता. ऊस कारखान्याला नेणारा ट्रॅक्टरवाला, कंबर धरून. नोंदीप्रमाणे मधे महिनाभर तो आलाच नव्हता.

"का आला नाहीत, काका?" त्रिशलानं विचारलं.

"आवं, जरा बरं वाटलं, ऱ्हायलं. ही पोरगी लय चांगली हाय. फोन केला तर म्हणती, काका, जमेल तवा या. मग जमतच न्हाई." त्यानं पाय लांब केले. "म्हातारं होतं तवा तसं न्हवतं. एक दिवस चुकवला की सकाळी सातला फोन. 'नाथाजी, कंबर कुणाची हाय? माझी का तुझी?' यावंच लागायचं बघा."

आत जाऊन त्रिशलानं हे यशराजला सांगितलं.

"म्हणजे आबांना परत बसवायचं?"

"नाही. नवा फोन राजनंदिनीच घेईल. अर्धवट सोडून गेलेल्यांना मात्र आबांनी फोन करायचा. जाहिरात आत्ता वाढवू नका. येणारे टिकत नाहीत तोवर ते पैसे वाया जातील."

"मग तुम्ही सांगा ना त्यांना," यशराज म्हणाला. "माझं ते ऐकणार नाहीत. तुमचा प्रस्ताव त्यांनी चारदा वाचलाय."

लालासाहेब दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मैदानावर भेटले. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना पळवत होते, आणि दिसत होतं की काउंटरपेक्षा इथं त्यांचं बरं चाललं होतं. त्रिशलानं सरळ सांगितलं. तिसरं कलम अर्धं चुकलं होतं.

"अर्धं कसं?"

"तुमच्या बोलण्यानं नवा माणूस पळतो. जुना मात्र त्याच बोलण्यानं परत येतो. मी फक्त नवा होऊन फोन केला. जुना होऊन बघितलंच नाही."

ते हसले नाहीत, पण मिशीवरून हात फिरवला. "मी काउंटरवर बसणार न्हाई. घरी बसून संध्याकाळी अर्धा तास. नावं आणि नंबर त्या पोरीनं पाठवायचे. आणि गोड बोलणार न्हाई."

"गोड बोलूच नका," त्रिशला म्हणाली.

महिनाभरात खुर्च्या भरायला लागल्या. लोक दहाव्या खेपेपर्यंत टिकायला लागले. गूगलवर कुणीतरी एक तारा देऊन लिहिलं, 'वडील फोनवर ओरडतात.' त्याखालीच दुसऱ्यानं पाच तारे देऊन तेच लिहिलं. यशराजनं विचारलं, पहिलं काढता येईल का. त्रिशला म्हणाली, "नियमात बसत नाही. खाली नम्रपणे उत्तर लिहू."

तीन महिने संपले. करार वाढवायच्या दिवशी यशराजनं घसा साफ केला.

"मॅडम, आता निम्मं काम आबाच करतात, तेही फुकट. तर फीचं जरा बघा ना."

त्रिशला उत्तर जुळवत होती, तेवढ्यात मैदानावरून परतलेले लालासाहेब दारातून आत आले. त्यांनी ऐकलं होतं.

"फी कापायची न्हाई," ते म्हणाले. "कापायचं असलं तर त्या जाहिरातवाल्या कंपनीचं काप. चार पैसे कमी दिले तर त्यांना काय कळणार हाय?"

यशराजनं मान खाली घालून जुन्याच फीवर सही केली. जाहिरातीचे पैसे कापायचं मात्र त्रिशलाला पटलं नव्हतं. जाहिरात कमी झाली तर नवे पेशंटही कमी होतील, हे तिला आता शांतपणे लालासाहेबांना समजावून सांगायचं होतं, आणि ते खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलेच होते.